कुठली कपात? ठाण्यातल्या एका मोघम अर्जाचं प्रकरण

वर्तकनगर भागातल्या एका बँक शाखेत 12 जून 2025 रोजी एक अर्ज आला. अर्ज करणारी खातेदार 53 वर्षांची, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला. पगार दर महिन्याच्या 6 तारखेला याच खात्यात जमा होतो. मुलाच्या स्कूटरसाठी घेतलेल्या कर्जाचा 4,850 रुपयांचा हप्ताही याच खात्यातून जातो. (प्रकरण अशा अनेक अर्जांवरून बेतलेलं आहे, आकडे आणि क्रमांक नमुन्याचे आहेत, नियम खरे आहेत.) अर्जाचा मुख्य मजकूर एवढाच होता:

«माननीय साहेब, माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे. माझ्या खात्यातून गेल्या काही दिवसांत विनाकारण पैसे कापले गेले आहेत. मी कोणतेही पैसे काढलेले नाहीत. मी गरीब असून मला याचा फार त्रास होत आहे. तरी चौकशी करून माझे पैसे लवकरात लवकर परत करावेत ही नम्र विनंती.»

भाषा सभ्य आहे आणि तक्रार खोटी नाही. तरी 20 जूनला मोबाइलवर मेसेज आला की आकारणी बँकेच्या शुल्कपत्रकानुसार असून तक्रार बंद करण्यात येत आहे. बाईंना वाटलं, बँकेने अर्ज वाचलाच नाही. खरं तर कुणीतरी वाचला होता, आणि अर्जात जे नव्हतं ते स्वतःच्या मनाने भरून घेतलं होतं.

काउंटरवरचा संवाद साधारण असा झाला. «मॅडम, कुठली एन्ट्री म्हणताय?» «अहो, ते तुम्हीच बघा ना, कॉम्प्युटरवर दिसेल की.» कॉम्प्युटरवर दिसतं, पण सगळंच दिसतं. तक्रार नोंदवताना तिचा प्रकार निवडावा लागतो: शुल्क, एटीएम, यूपीआय, विमा, फसवणूक असे वेगवेगळे. त्यावर ती कुठल्या विभागाकडे जाणार ते ठरतं. अर्जात काहीच नसल्यामुळे कर्मचाऱ्याने खातं उघडलं, सगळ्यांत अलीकडची कपात पाहिली आणि तक्रार «शुल्क» या प्रकारात टाकली. ती कपात होती 590 रुपयांची, हप्ता परत गेल्याबद्दलची. पुढच्या विभागाने शुल्कपत्रक उघडलं. हप्ता परत गेल्यास 500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. हिशेब जुळला, तक्रार बंद.

रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक नसला की तक्रार अडून पडते असा समज आहे. प्रत्यक्षात ती अडत नाही, भलत्याच कपातीवर जाऊन बसते. आणि ती कपात बहुधा अशी असते, जिचं समर्थन बँकेला सगळ्यांत सोपं जातं.

बाईंकडे फक्त पासबुक होतं. पासबुकाच्या अरुंद रकान्यात तपशिलाची अर्धी ओळ तुटते, आणि बऱ्याचदा व्यवहार क्रमांक छापलाच जात नाही. म्हणून अशा वेळी पहिलं काम म्हणजे खात्याचं स्टेटमेंट काढणं. ते मोबाइल अॅपवरून पीडीएफमध्ये मिळतं, किंवा शाखेत मागता येतं. किती दिवसांचं काढायचं यातही चूक होते. लोक ज्या महिन्यात पैसे कमी दिसले तेवढाच महिना काढतात. निदान तीन महिने घ्यावेत, आणि तोच काळ मागच्या वर्षाचाही. मागच्या वर्षाचा का, ते पुढे कळेल. या खात्यातला कामाचा भाग असा होता:

```
26-05-2025 PMJJBY PREM       S4417082      436.00 DR  4,612.00
05-06-2025 ACH DR RTN CHG    S2093316      590.00 DR  4,022.00
06-06-2025 SALARY            S1180954   14,000.00 CR 18,022.00
07-06-2025 UPI/DR            515810347261 4,850.00 DR 13,172.00
09-06-2025 ACH DR RTN CHG    S3150427      590.00 DR 12,582.00
```

«पैसे कापले» या दोन शब्दांमागे तीन कपाती होत्या: 436, 590 आणि पुन्हा 590. एकूण 1,616 रुपये. तिघींची जात वेगळी आहे, कारण वेगळं आहे, आणि परत मागण्याचा आधारही वेगळा.

आधी क्रमांकांविषयी थोडं, कारण इथे गोंधळ फार होतो. यूपीआय व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. त्याचा पहिला आकडा बहुधा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. वरच्या ओळीत 5158 म्हणजे 2025 सालचा 158वा दिवस, अर्थात 7 जून. एसएमएस पुसला गेला आणि हातात नुसता क्रमांक उरला, तरी त्यावरून तारखेचा माग काढता येतो. एनईएफटीचा यूटीआर क्रमांक सोळा अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा बावीस. बँकेने स्वतः लावलेल्या शुल्काला मात्र यातला कुठलाच क्रमांक नसतो. तो व्यवहार बँकेच्या आतच होतो, त्यामुळे त्याला फक्त अंतर्गत ट्रॅन आयडी असतो, वरच्या नमुन्यात S ने सुरू होणारा. बऱ्याच बँकांच्या प्रणालीत हा आयडी तारखेसोबतच ओळखला जातो. तोच क्रमांक दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच व्यवहाराला मिळू शकतो. म्हणून नुसता आयडी लिहून तारीख गाळली तर शोधणाऱ्याला उपयोग नाही. आणि क्रमांक सापडलाच नाही, तर तारीख, रक्कम आणि व्यवहारानंतरची शिल्लक या तीन गोष्टी लिहाव्यात. त्या मिळून ओळ निश्चित होते.

रक्कमही बोलते. कापलेली रक्कम 1.18 ने भागून पाहावी. उत्तर गोल आलं, तर ते बहुधा बँकेचं शुल्क असतं, वर जीएसटी लावलेलं. 590 म्हणजे 500, 295 म्हणजे 250, 118 म्हणजे 100. मोफत मर्यादेपलीकडच्या एटीएम व्यवहाराला 1 मे 2025 पासून बँका जास्तीत जास्त 23 रुपये घेऊ शकतात, म्हणून जीएसटीसह 27.14 दिसतात. 436 मात्र 1.18 ने भागून काहीतरी तुटक येतं. ते शुल्क नव्हेच. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता आहे. 1 जून 2022 पासून तो 436 रुपये आहे. या योजनेचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात ही कपात हमखास दिसते. याच सुमारास 20 रुपये गेलेले दिसले तर ती अपघात विम्याची, म्हणजे सुरक्षा विमा योजनेची रक्कम.

आता 436 चा प्रश्न. बाईंचं म्हणणं, «मी कुठलाही विमा घेतला नाही.» हे वाक्य एकटं पुरत नाही. खूप लोकांनी शाखेत एखाद्या फॉर्मवर कधीतरी सही केलेली असते, आणि एकदा संमती दिली की दरवर्षी आपोआप कपात होत राहते. म्हणून मागच्या वर्षीचं स्टेटमेंट पाहायचं. मे 2024 मध्येही 436 गेले असते, तर हे नूतनीकरण ठरलं असतं आणि भांडण अवघड झालं असतं. इथे मे 2024 मध्ये अशी ओळ नव्हती. म्हणजे नोंदणी यंदाच झाली. या योजनेत नव्याने सामील होण्याचं वय 18 ते 50 वर्षं आहे. पन्नाशीच्या आत आलेल्यांना पुढे 55 पर्यंत संरक्षण चालू ठेवता येतं. बाई 53 वर्षांच्या. त्यांची नवी नोंदणी नियमातच बसत नव्हती. त्यासाठी बँकेला आपल्या नोंदीतली जन्मतारीख पाहिली तरी पुरे होतं. «मी सही केली नाही» हा वाद दोन्ही बाजूंनी लांबत जातो. जन्मतारखेपाशी मात्र तो संपतो. ही गोष्ट पहिल्या अर्जात येणं शक्यच नव्हतं, कारण कापले ते विम्याचे पैसे आहेत हेच अर्जदाराला माहीत नव्हतं.

इथे एक सावधगिरी. काही जणांच्या दोन बँकांतून हाच विमा कापला जातो आणि ते दुसरा हप्ता हक्काने परत मागतात. योजनेच्या नियमांनुसार एका माणसाला एकाच खात्यातून हा विमा घेता येतो आणि दुहेरी हप्ता जप्त होऊ शकतो. त्या प्रकरणात «दोनदा कापले» असं लिहून पैसे मिळतीलच असं नाही. या खात्यातून माझी संमती होती का, तिची प्रत दाखवा, असा मुद्दा धरावा लागतो.

दुसरी कपात 5 जूनची. त्या दिवशी कर्ज कंपनीने हप्त्याची मागणी बँकेकडे पाठवली, खात्यात 4,612 रुपये होते, हप्ता 4,850 चा. 238 रुपये कमी पडले आणि मागणी परत गेली. वरवर पाहता हे 590 बरोबरच आहेत, आणि 20 जूनचा मेसेजही याच अर्थाने आला होता. पण तारखा एकाखाली एक लिहिल्या की वेगळंच दिसतं. 26 मे रोजी 436 गेले नसते, तर 5 जूनला खात्यात 5,048 रुपये असते आणि हप्ता सुरळीत गेला असता. म्हणजे चुकीच्या 436 नेच 590 ओढून आणले. हा संबंध रकमेवरून कळत नाही, क्रमांकावरूनही नाही. तो फक्त तारीख आणि शिल्लक शेजारी ठेवल्यावर दिसतो.

तिसरी कपात, 9 जूनची, सगळ्यांत सरळ चूक होती, आणि गंमत म्हणजे सिद्ध करायला तीच जरा किचकट. परत गेलेली मागणी स्टेटमेंटमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, कारण पैसे गेलेलेच नसतात. दिसतं ते फक्त शुल्क. मग मागणी एकदा आली होती की दोनदा, हे कसं कळणार? काही कर्ज कंपन्या पहिली मागणी परत आली की दोन-चार दिवसांनी पुन्हा पाठवतात, आणि तीही परत गेली तर बँक दुसरं शुल्क लावते. ते नियमाला धरून असतं. इथे 9 जूनला खात्यात 13,172 रुपये होते, तेव्हा दुसरी मागणी आली असती तर हप्ता कापला गेला असता, परत गेला नसता. शिवाय हप्ता 7 जूनला यूपीआयने भरून झाला होता. पक्कं करण्यासाठी कर्ज कंपनीकडून कर्ज खात्याचा उतारा मागवला. त्यात एकच मागणी होती, 5 जूनची. म्हणजे एकाच मागणीवर बँकेने दोनदा शुल्क लावलं. उतारा मागताना कर्ज क्रमांकाबरोबर यूएमआरएनही विचारून घ्यावा. खात्यातून हप्ता कापण्याच्या परवानगीला मिळणारा तो वीस अक्षरी क्रमांक असतो, आणि बँकेला मागण्या शोधताना तोच लागतो.

हे सगळं हाताशी आल्यावर 24 जूनला दुसरा अर्ज गेला. तो असा:

«प्रति, शाखा व्यवस्थापक, (बँकेचे नाव), वर्तकनगर शाखा, ठाणे (पश्चिम).

विषय: बचत खाते क्रमांक (पूर्ण क्रमांक) मधून झालेल्या तीन कपातींबाबत तक्रार, एकूण रक्कम 1,616 रुपये. संदर्भ: माझा 12 जून 2025 चा अर्ज व आपला 20 जून 2025 चा संदेश.

महोदय,

1. दिनांक 26-05-2025, रक्कम 436 रुपये, ट्रॅन आयडी S4417082, जीवन ज्योती विमा हप्ता. मी या विम्यासाठी संमती दिलेली नाही. माझी जन्मतारीख आपल्या नोंदीत आहे. माझे वय 53 असल्याने योजनेत नवी नोंदणी होऊ शकत नाही. मे 2024 मध्ये अशी कपात झालेली नाही. रक्कम परत करावी, नोंदणी रद्द करावी व पुढील वर्षी कपात होणार नाही असे लेखी कळवावे. संमती असल्याचे आपले म्हणणे असल्यास तिची प्रत द्यावी.

2. दिनांक 05-06-2025, रक्कम 590 रुपये, ट्रॅन आयडी S2093316, हप्ता परत गेल्याचे शुल्क. त्या दिवशी शिल्लक 4,612 व हप्ता 4,850 रुपये होता. क्रमांक 1 ची कपात झाली नसती तर शिल्लक 5,048 राहून हप्ता गेला असता. त्यामुळे हे शुल्क परत करावे.

3. दिनांक 09-06-2025, रक्कम 590 रुपये, ट्रॅन आयडी S3150427, तेच शुल्क पुन्हा. हप्त्याची मागणी एकदाच, 05-06-2025 रोजी आली होती (कर्ज खात्याचा उतारा सोबत). 09-06-2025 रोजी शिल्लक 13,172 रुपये होती. दुबार शुल्क परत करावे.

प्रत्येक मुद्द्यावर स्वतंत्र उत्तर द्यावे.

सोबत: 1 एप्रिल ते 15 जून 2025 व मे 2024 चे स्टेटमेंट, कर्ज खात्याचा उतारा.»

शेवटचं «स्वतंत्र उत्तर द्यावे» हे वाक्य छोटं असलं तरी फार कामाचं आहे. तीन मुद्दे एका अर्जात असले की बँक सोप्यावर उत्तर देऊन उरलेले गिळू शकते. क्रमांक घातलेले असले, म्हणजे कुठलं उत्तर आलं नाही ते लगेच दिसतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला, आणि तक्रार क्रमांकही मागून घेतला. शिक्का म्हणजे पोच. तक्रार क्रमांक म्हणजे प्रणालीत नोंद झाल्याचा पुरावा. एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही. या अर्जात एटीएम पिन, कार्डावरचे मागचे तीन आकडे किंवा ओटीपी यांचं काही काम नाही. कुणी मागितलं तरी लिहू नये.

थोडं विषयांतर, पण तारखेमुळे पैशाचाच फरक पडतो अशी दोन ठिकाणं सांगायला हवीत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. यूपीआयने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे पोचलेच नाहीत, तर मुदत एकच दिवस. दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची, ते अर्जातली तारीखच सांगते. आणि कपात आपण केलेलीच नाही, कुणीतरी ऑनलाइन पैसे काढले असा संशय असेल, तर अर्ज लिहीत बसू नये. आधी बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून खातं रोखायचं आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवायचं. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे तिसऱ्याच कुणाच्या कृत्याने पैसे गेले असतील, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास खातेदाराची जबाबदारी शून्य धरली होती. उशीर झाला की ती वाढते. बाईंनी पहिल्या अर्जात «मी कोणतेही पैसे काढलेले नाहीत» असं लिहिलं होतं. एखाद्याने ते फसवणुकीची तक्रार म्हणूनही वाचलं असतं आणि तपास भलतीकडेच गेला असता.

परत ठाण्याकडे. 3 जुलैला 436 रुपये जमा झाले. त्याच दिवशी 9 जूनच्या शुल्काचे 500 रुपये आले आणि खातेदाराला वाटलं, 90 कापून ठेवले. शुल्क उलटवताना मूळ शुल्क आणि जीएसटी या दोन नोंदी वेगळ्या पडू शकतात. 90 ची नोंद दुसऱ्या दिवशी आली. ती आली नसती, तर पुन्हा मागावी लागली असती, म्हणून परताव्याची रक्कम कपातीच्या रकमेशी पै-पै ताडून पाहावी.

मुद्दा 2 वर शाखेचं उत्तर आलं की मागणीच्या वेळी शिल्लक अपुरी होती, सबब शुल्क योग्य. यावर बाईंनी चार ओळींचं पत्र दिलं: मुद्दा 1 ची रक्कम बँकेने परत केली, म्हणजे ती कपात चुकीची होती हे मान्य केलं, ती चूक नसती तर शिल्लक 5,048 असती. बेरीज मोठ्या अक्षरात लिहिली होती. 14 जुलैला तेही 590 जमा झाले. हे प्रत्येक शाखेत असंच होईल असं नाही. चुकीचा परिणाम म्हणून झालेलं नुकसान बँका चटकन मानत नाहीत. 24 जूनपासून 30 दिवसांत उत्तर आलं नसतं किंवा नकारच कायम राहिला असता, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची होती. ती तक्रार cms.rbi.org.in वर विनाशुल्क करता येते, आणि तिथे बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत व तारीख लागते. 12 जूनचा मोघम अर्ज तिथे जोडला असता, तर त्यात या तीन कपातींपैकी एकीचाही उल्लेख सापडला नसता.

एक रक्कम मात्र राहून गेली. हप्ता परत गेल्याबद्दल कर्ज कंपनीनेही आपलं वेगळं शुल्क लावलं होतं, 300 रुपये. ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नव्हतं. कर्ज खात्याच्या उताऱ्यात 5 जूनच्याच तारखेला, दुसऱ्या पानावर होतं. उतारा मागवला तो मागण्या मोजायला, म्हणून पहिलंच पान वाचलं गेलं. 436 मुळे झालेल्या नुकसानीत तेही धरता आलं असतं, पण 24 जूनच्या अर्जात ते नव्हतं. त्यासाठी आता वेगळा अर्ज तयार आहे: तारीख, रक्कम, कर्ज क्रमांक आणि उताऱ्याचं दुसरं पान जोडून.